शेवटच्या प्रकरणात काय लिहावं?

माझ्या पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेसाठी बाहेरगावाहून एक परीक्षक बाई आल्या होत्या. मी रात्रभर जागून ओवीच्या छंदाची, जात्याच्या इतिहासाची आणि लोकसाहित्याच्या व्याख्यांची उजळणी केली होती. बाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी प्रबंधाच्या दोन प्रती मागवून घेतल्या, एकीत प्रस्तावनेचं पान उघडलं, दुसरीत उपसंहाराचं, आणि दोन्ही माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवल्या. म्हणाल्या, "दोन्हींतला पहिला परिच्छेद वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचू लागलो. प्रस्तावनेत लिहिलं होतं, 'प्रस्तुत प्रबंधात जात्यावरील ओव्यांमधून व्यक्त होणाऱ्या ग्रामीण स्त्रीच्या भावविश्वाचा शोध घेण्यात येणार आहे.' उपसंहारात लिहिलं होतं, 'प्रस्तुत प्रबंधात जात्यावरील ओव्यांमधून व्यक्त होणाऱ्या ग्रामीण स्त्रीच्या भावविश्वाचा शोध घेण्यात आला आहे.' दुसरं वाक्य संपेपर्यंत माझा आवाज खाली गेला होता.

"फरक काय दिसतो?" बाईंनी विचारलं.

"क्रियापदाचा," मी म्हणालो.

"म्हणजे तीनशे पानं लिहून तुम्ही भविष्यकाळाचा भूतकाळ केलात. आता मला सांगा, पहिलं पान लिहिताना तुम्हाला जे ठाऊक नव्हतं असं काय आज ठाऊक आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. उत्तर नव्हतं असं नाही. ते माझ्या क्षेत्रकार्याच्या वहीत होतं, उपसंहारात नव्हतं. प्रबंध नापास झाला नाही. शेवटचं प्रकरण तीन महिन्यांत पुन्हा लिहून द्यावं, अशी अट पडली. ते तीन महिने मी जे शिकलो, त्यानंतर स्वतः मार्गदर्शक म्हणून इतरांचे उपसंहार वाचताना ज्याची खात्री पटत गेली, ते या लेखात मांडतो आहे. उदाहरण माझ्याच प्रबंधाचं घेतो. त्यातल्या गावांची आणि बायकांची नावं गाळली आहेत आणि समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केले आहेत.

आपल्याकडच्या प्रबंधांचा साचा वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. पहिल्या प्रकरणात विषयाची निवड, उद्दिष्टं, गृहीतकं, व्याप्ती आणि मर्यादा. मधे चार-पाच प्रकरणं. शेवटी उपसंहार, आणि त्यात 'पहिल्या प्रकरणात अमुक पाहिले, दुसऱ्या प्रकरणात तमुक पाहिले' असा आढावा. हा आढावा लिहिणाऱ्याला आळशी म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. शेवटचं प्रकरण लिहिताना माणूस थकलेला असतो, टंकलेखक दारात उभा असतो, आणि हाताशी तयार असलेला एकच नेटका मजकूर म्हणजे प्रस्तावना. शिवाय एक भीतीही असते. प्रस्तावनेत जे म्हटलं त्याहून वेगळं शेवटी म्हटलं, तर आपण मधेच रस्ता चुकलो असं कुणाला वाटेल, ही ती भीती. म्हणून उपक्रम आणि उपसंहार यांचा मेळ बसवण्याच्या नावाखाली आपण एकच गोष्ट दोनदा लिहितो.

उपक्रम आणि उपसंहार ही जोडी मीमांसकांची. ग्रंथाचं तात्पर्य कसं ठरवावं, याच्या खुणांची त्यांनी एक यादी केली आहे. टिळकांनी 'गीतारहस्या'च्या पहिल्याच प्रकरणात ती समजावून दिली आहे आणि गीतेला लावून पाहिली आहे. ग्रंथाचा आरंभ आणि शेवट यांची संगती ही त्यातली पहिली खूण. आमचे जुने प्राध्यापक पुनरुक्तीच्या समर्थनासाठी हिचाच दाखला देत. पण तीच यादी पुढे वाचली तर तीत 'अपूर्वता' आहे आणि 'फल'ही आहे. या ग्रंथात नवं काय आहे आणि त्यातून निष्पन्न काय होतं, हेही पाहायला सांगितलेलं आहे. आरंभाशी सुसंगत असलेला, पण ज्यात अपूर्वताही नाही आणि फळही नाही, असा उपसंहार त्या यादीच्या कसोटीवर अर्धाच उतरतो. सुसंगती म्हणजे सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर शेवटी देणं. प्रश्नच पुन्हा विधानार्थी करून लिहिणं म्हणजे सुसंगती नव्हे.

बाईंनी जाताना मला एक काम सांगितलं होतं. तांबडी पेन्सिल घ्यायची आणि उपसंहारातल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: पहिल्या गावात पाऊल टाकण्याआधी, घरी बसून, हे वाक्य मला लिहिता आलं असतं का? आलं असतं तर खाली तांबडी रेघ. माझा उपसंहार अकरा पानांचा होता. रेघा मारून झाल्यावर बिनरेघेचा मजकूर एका पानात मावला. 'ओवी हे स्त्रियांच्या अभिव्यक्तीचे माध्यम आहे' हे मला आधीच ठाऊक होतं. 'ओव्यांत माहेरची ओढ दिसते' हे साने गुरुजींनी जमवलेल्या ओव्या वाचलेल्या कुणालाही ठाऊक असतं. 'यंत्रयुगात हे धन लोप पावत आहे' हे तर गावोगावच्या पिठाच्या गिरणीनं सांगितलेलं होतं.

रेघ न पडलेल्या पानावर मात्र एक विधान उरलं होतं, आणि गंमत म्हणजे प्रबंधातलं सर्वांत धोक्याचं वाक्य तेच होतं. मी लिहिलं होतं: 'सासरच्या जाचाविषयी तक्रार करणाऱ्या ओव्या अत्यल्प आढळल्या. यावरून ग्रामीण स्त्रीने दुःख सोसले, पण ते बोलून दाखवले नाही, असा निष्कर्ष निघतो.' हे वाक्य नवं होतं. ते खरं होतं का, हे पाहायला मी पुन्हा वह्या उघडल्या.

माझी सामग्री अशी होती. चार गावांत मिळून 30 बैठकी झाल्या, त्यांत सुमारे 600 ओव्या मी टेपरेकॉर्डरवर घेतल्या. बैठक म्हणजे एक-दोन बायकांनी जात्यापाशी किंवा नुसतंच बसून तासभर म्हणणं. या 600 ओव्यांत सासूच्या, नणंदेच्या किंवा एकूण सासरच्या तक्रारीच्या ओव्या 12 निघाल्या. शंभरात दोन. 'अत्यल्प' हा शब्द मी त्यावरूनच वापरला होता, आणि तो आकडा बरोबरच होता.

चुकला होता तो आकड्यापासून निष्कर्षापर्यंतचा प्रवास. प्रत्येक बैठकीची नोंद करताना मी सवयीनं जागाही लिहीत असे: ओसरी, माजघर, देवळामागचा पार, शेतातली खोप. आता 12 ओव्या त्या जागांशी लावून पाहिल्या. 30 पैकी 24 बैठकी घरात झाल्या होत्या आणि तिथे सुमारे 480 ओव्या मिळाल्या होत्या. उरलेल्या 6 बैठकी घराबाहेर झाल्या, तिथल्या ओव्या 120 भरल्या. तक्रारीच्या 12 ओव्यांपैकी घरात मिळालेल्या होत्या 3, आणि बाहेर मिळालेल्या 9. म्हणजे घरात 160 ओव्यांमागे एक, तर घराबाहेर 13 ओव्यांमागे एक.

याच वहीत, दुसऱ्याच गावातल्या पहिल्या दिवशीच्या पानावर, एका म्हाताऱ्या बाईंचं वाक्य मी लिहून ठेवलेलं होतं. सासूविषयी एखादी ओवी म्हणा, असं मी भाबडेपणानं सुचवलं होतं. घरात त्यांची ऐंशीच्या घरातली सासू खाटेवर पडून होती. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आवं मास्तर, ती ववी ह्या उंबऱ्याच्या आत म्हनायची नसती." मी ते वाक्य बोलीचा नमुना म्हणून टिपलं होतं. ते पुरावा आहे, हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं आणि एक परीक्षक लागल्या.

आता दुसऱ्या बाजूला घसरण्याचा मोह होता. 'स्त्रिया घराबाहेर मोकळेपणाने तक्रार करतात' असं झोकात लिहून टाकावंसं वाटत होतं. पण बाहेरच्या 9 ओव्या कुणाकुणाच्या, हे पाहिलं तर त्यांतल्या 7 दोघीच बायकांच्या होत्या. त्या दोघी मैत्रिणी होत्या आणि एकीनं म्हटलं की दुसरी तिच्यावर चढाओढीनं म्हणायची. त्या दोघींच्या मिळून 30 ओव्या बाजूला काढल्या तर बाहेरच्या 90 ओव्यांत तक्रारीच्या 2 उरतात. घरातल्यापेक्षा हे प्रमाण तरीही जास्त आहे, पण दोन ओव्यांवर कुणी सिद्धान्ताचा इमला उभारत नाही.

तीन महिन्यांनी मी जो परिच्छेद लिहून दिला, तो साधारण असा होता:

'या संग्रहात सासरच्या तक्रारीच्या ओव्या कमी आहेत आणि त्यांतील बहुतेक घराबाहेरील बैठकींत मिळाल्या आहेत. त्यामुळे त्यांचे अल्प प्रमाण हा ओवीपरंपरेचा गुण आहे की ध्वनिमुद्रणाच्या प्रसंगाचा परिणाम आहे, हे या सामग्रीवरून ठरवता येत नाही. गायिकांचे स्वतःचे बोलणे दुसऱ्या शक्यतेला पुष्टी देते. तथापि बाहेरील ओव्या मुख्यतः दोन गायिकांच्या असल्याने तो निष्कर्ष म्हणून मांडता येणार नाही.'

पहिल्या परिच्छेदापेक्षा हा कमी ठसठशीत वाटतो. पण यातलं एकही वाक्य घरी बसून लिहिता आलं नसतं, आणि एकही वाक्य सामग्रीच्या पुढे धावत नाही. प्रस्तावनेतला प्रश्न 'ओव्यांत स्त्रीचं भावविश्व कसं दिसतं' असा होता. उत्तर आलं ते असं, की कुठे आणि कुणासमोर म्हटलं जातं यावर ते अवलंबून असावं. उत्तरानं प्रश्नालाच थोडं वळवलं. चांगल्या संशोधनात असं पुष्कळदा होतं आणि उपसंहार ही ते कबूल करण्याची जागा आहे.

उत्तर लिहून झालं की उपसंहाराचं दुसरं काम सुरू होतं: मग यातून काय निघतं? इथे आपल्या प्रबंधांत एक ठरलेलं वाक्य येतं, 'हे संशोधन अभ्यासकांना व समाजाला उपयुक्त ठरेल.' या वाक्याला मी माझ्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारायला लावतो. तुमचा निष्कर्ष खरा असेल तर उद्या कुणाला कोणतं काम वेगळ्या रीतीनं करावं लागेल? त्या माणसाचं नाव नको, पण त्याचं काम सांगा. माझ्या बाबतीत उत्तर अगदी मर्यादित होतं. ओव्यांचा संग्रह करणाऱ्यानं प्रत्येक ओवीबरोबर ती कुठे आणि कुणाच्या उपस्थितीत म्हटली गेली, हे लिहून ठेवावं लागेल. आणि छापील संग्रह वापरणाऱ्यानं, एखादा विषय त्यात नाही म्हणून तो बायकांच्या मनातही नव्हता, असं म्हणण्याआधी थांबावं लागेल. एवढंच. या फलितात 'समाज' नव्हता, पण दोन माणसं होती आणि दोघांसाठी काम होतं.

फलित मांडताना निष्कर्षाची पट्टी ताणली जाते, ती बहुधा नामांमध्ये. 'या चार गावांतल्या या 26 बायकांनी माझ्यासमोर' असं सुरू झालेलं वाक्य दोन पानांत 'ग्रामीण स्त्री'पर्यंत पोचतं आणि शेवटच्या ओळीत 'भारतीय स्त्रीमन' होतं. त्यामुळे उपसंहार तपासताना मी आधी फक्त कर्ते वाचत जातो. कर्ता जिथे मोठा झाला तिथे सामग्रीही तेवढी वाढली आहे का, हे पाहायचं. वाढली नसेल तर कर्ता पुन्हा लहान करायचा.

आता मर्यादा. हा शब्द आपल्याकडे पहिल्या प्रकरणात येतो आणि तिथेच राहतो. तिथे लिहिलेलं असतं, 'हा अभ्यास चार गावांपुरता मर्यादित आहे.' ही खरं तर मर्यादा नाही, आखून घेतलेली सीमा आहे. चार गावं घ्यायची हे मी काम सुरू होण्याआधी ठरवलं होतं. ते सांगण्याची जागा प्रस्तावनाच. उपसंहारात लिहायच्या त्या मर्यादा काम करताना कळलेल्या असतात. मैत्रिणींची चढाओढ मला आधी कशी ठाऊक असणार? म्हणून सीमा आरंभी आणि मर्यादा शेवटी, एवढी वाटणी केली तरी पुनरुक्तीचा मोठा भाग आपोआप गळतो.

उपसंहारात आलेल्या मर्यादाही पुष्कळदा नुसत्या उपचारापुरत्या असतात. 'वेळेच्या व साधनांच्या अभावी सखोल अभ्यास करता आला नाही.' हे वाक्य उचलून मृदाशास्त्राच्या प्रबंधात ठेवलं तरी चालेल, आणि जे वाक्य कुठेही चालतं ते इथे काहीच सांगत नाही. मर्यादा अमुक एका विधानाला बांधलेली हवी आणि तिनं ते विधान कोणत्या बाजूला झुकवलं असेल हे सांगायला हवं. 'बहुतेक बैठकी घरात झाल्या' ही नुसती माहिती झाली. 'बहुतेक बैठकी घरात झाल्या, त्यामुळे तक्रारीच्या ओव्या प्रत्यक्षाहून कमी दिसत असण्याचा संभव आहे' ही मर्यादा झाली. आकडा कमी दिसत असेल की जास्त, एवढं सांगितलं की पुढच्या वाचकाला त्या निष्कर्षावर किती भार टाकायचा ते कळतं.

मौखिक परीक्षेच्या शेवटी बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली होती, आणि ती मला तेव्हा जरा लागली. "या तीसही बैठकींना तुम्ही हजर होतात ना?"

"हो. टेप मीच चालवत होतो."

"तुम्ही पुरुष आहात, परगावचे आहात, शिकलेले आहात. त्याचा काय परिणाम झाला?"

मी म्हणालो, "ते कसं सांगणार?"

"तेच लिहा," त्या म्हणाल्या. "सांगता येत नाही, हे लिहा. आणि का सांगता येत नाही, तेही लिहा."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला प्रकरण पुन्हा लिहिताना उमगला. घर आणि बाहेर हा फरक माझ्या सामग्रीच्या आतच होता. काही बैठकी इकडे, काही तिकडे, म्हणून तुलना करता आली आणि त्या मर्यादेचा थोडाफार अंदाज बांधता आला. पण माझी उपस्थिती तीसही बैठकींत सारखीच होती. मी नसतो तर काय झालं असतं हे दाखवणारी एकही बैठक माझ्याजवळ नव्हती. अशी मर्यादा कितीही बारकाईनं आकडे मांडले तरी मोजता येत नाही. ती नोंदवून पुढच्याच्या हाती द्यायची असते. मर्यादांचे हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले की उपसंहाराचं तिसरं काम जवळजवळ आपोआप होतं. सामग्रीच्या आत बदलणारी मर्यादा आपणच तपासून पाहावी आणि जे दिसलं ते लिहावं. न बदलणारी मर्यादा म्हणजेच पुढच्या संशोधनाचा विषय.

'या विषयावर अधिक संशोधन होणे गरजेचे आहे' हे वाक्य म्हणूनच मी विद्यार्थ्याला परत करतो. गरज असेलच, पण कोणतं संशोधन? माझ्या सुधारलेल्या प्रकरणात पुढच्या कामाविषयी तीनच वाक्यं होती. त्याच गायिकेच्या दोन बैठकी घ्याव्यात, एक घरात वडीलधाऱ्यांच्या देखत आणि एक बाहेर समवयस्कांत. शक्यतो ध्वनिमुद्रण गावातल्याच एखाद्या स्त्रीनं करावं. आणि दोन्ही बैठकींत तक्रारीच्या ओव्यांचं प्रमाण सारखंच आलं, तर प्रसंगाच्या प्रभावाविषयीचा माझा अंदाज सोडून द्यावा. हे शेवटचं वाक्य लिहिताना हात अडखळला होता. आपलं म्हणणं कशानं पडेल हे आपणच कसं सांगायचं? पण ते सांगितलं नाही तर पुढचा संशोधक आपलं काम पुढे नेऊच शकत नाही. तो फक्त त्याचा उल्लेख करू शकतो.

उल्लेखाचा प्रसंग माझ्यावर आला, आणि या साऱ्याची किंमत मला तिथे कळली. प्रबंध परीक्षेला जाण्याआधीच, उत्साहाच्या भरात, मी त्याच्या उपसंहाराचा एक लेख करून एका नियतकालिकाला पाठवला होता. तो छापून आला. त्यात ते जुनं वाक्य होतं: ग्रामीण स्त्रीनं दुःख सोसलं, पण बोलून दाखवलं नाही. प्रबंधातलं प्रकरण मी बदललं, पण प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसला आणि लेख फिरत राहिला. पुढे काही वर्षांनी एक प्रबंध माझ्याकडे परीक्षणासाठी आला. त्याच्या प्रस्तावनेत, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात, माझ्या नावासह तेच वाक्य एक सिद्ध झालेली गोष्ट म्हणून आलेलं होतं. त्या मुलीनं त्याच वाक्यावरून स्त्रियांच्या मौनाचं एक सबंध प्रकरण लिहिलं होतं. तिची चूक काहीच नव्हती. तिनं माझा निष्कर्ष वाचला होता आणि त्यावर विश्वास ठेवला होता. निष्कर्षाला जोडून माझी मर्यादा छापली गेली असती तर तिचं प्रकरण कदाचित वेगळं झालं असतं. कदाचित तिनंच दोन बैठकींचा प्रयोग केला असता.

मधली प्रकरणं फार थोडे लोक वाचतात. उपसंहार वाचतात, त्यातलं एखादं वाक्य उचलतात, आणि ते वाक्य मग आपल्याला न विचारता गावोगाव जातं. म्हणून मर्यादा उपसंहाराच्या शेवटी वेगळ्या उपशीर्षकाखाली नेऊन ठेवू नये, असं मला आता वाटतं. ती निष्कर्षाच्या त्याच वाक्यात, निदान लगतच्या वाक्यात असावी, म्हणजे कुणी निष्कर्ष उचलला तर तीही बरोबर जाईल.

हे सगळं लोकसाहित्याच्या एका प्रबंधावरून सांगितलं, त्यामुळे ते सर्वत्र जसंच्या तसं लागू पडणार नाही. विज्ञानाच्या शोधनिबंधात परिणामांची चर्चा हा वेगळा भाग असतो, मर्यादा बहुधा तिथेच येतात आणि निष्कर्ष परिच्छेदाएवढाच उरतो. एखाद्या कवीवरच्या समीक्षालेखात मोजदाद नसते; तिथे 'हे वाक्य आधी लिहिता आलं असतं का' ही कसोटी चालते, पण झुकाव कोणत्या बाजूला हे सांगणं कठीण जातं. आणि काही विद्यापीठांचे नियम प्रकरणवार आढावा मागतातच. तिथे तो द्यावा, एका पानात, आणि मग उपसंहाराला सुरुवात करावी.

माझ्या विषयापुरतं बोलायचं तर दरम्यान परिस्थिती बदलली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांच्या पुढाकारानं जमलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या आज गाणाऱ्या बाईच्या नावागावासह अभ्यासकांना उपलब्ध होत आहेत. एकाच गायिकेच्या पुष्कळ ओव्या एकत्र पाहण्याची सोय, जी माझ्याजवळ नव्हती, ती आता आहे. उंबऱ्याच्या आत न म्हणायच्या ओव्यांचा प्रश्न तिथे कितपत सुटेल, हे प्रत्येक वेळी समोर कोण बसलं होतं याची नोंद किती ठिकाणी सापडते त्यावर ठरेल. ज्यांनी मला तो उंबरा दाखवला त्या बाई आता नाहीत. त्यांच्या सहा ओव्यांची कॅसेट आहे, आणि वहीत त्या दिवशी घरात हजर असलेल्या माणसांची यादी आहे: खाटेवरची सासू, दारातली जाऊ, दोन नाती आणि मी. यादी मी स्वच्छ लिहून कॅसेटच्या डबीत घालून ठेवली आहे. कुणी ती कॅसेट ऐकायला घेईल, तेव्हा यादी आधी वाचावी.